पू दिसतो, जंतू दिसत नाही: पाच सकाळच्या लघवीत काय शोधायचं असतं

*"डॉक्टर, माझं वय ३६, राहणार इचलकरंजी. नऊ महिने झाले, लघवीला जळजळ होते आणि दिवसातून पंधरा-वीस वेळा जावं लागतं. रात्री पाच-सहा वेळा उठते. ताप नाही, खोकला नाही. चार वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झाला, त्यात दोनदा ओफ्लॉक्सासिन. दर वेळी चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. रिपोर्टमध्ये पस सेल्स २०-२५, कल्चर मात्र तिन्ही वेळा 'नो ग्रोथ'. सोनोग्राफीत डाव्या किडनीला हलकी सूज आहे. क्रिएटिनिन ०.८. नवीन डॉक्टरांनी पाच दिवस पहाटेची लघवी टीबीसाठी द्यायला सांगितलं आहे. मी लहान असताना आईला फुफ्फुसाचा टीबी झाला होता, पण मला कधीच नाही. मग टीबी थेट किडनीत कसा? एकदाच लघवी घेऊन का भागत नाही? आणि किडनी खराब झाली असेल का?"*

ताई, तुमच्या नवीन डॉक्टरांनी योग्य धागा पकडला आहे. रिपोर्ट येईपर्यंत टीबीच आहे असं मी म्हणणार नाही, पण या चित्रात तो शोधल्याशिवाय पाचवं अँटिबायोटिक घेऊ नका. आधी तुम्हाला सगळ्यात चक्रावणारी गोष्ट सांगते. पू आहे तर जंतू का सापडत नाही?

पस सेल्स म्हणजे पांढऱ्या पेशी. मूत्रमार्गात कुठेतरी दाह चालू आहे एवढंच त्या सांगतात, कशाने हे त्या सांगत नाहीत. ते शोधायचं काम कल्चरचं. पण आपण नेहमी जे कल्चर करतो ते ई-कोलायसारख्या झटपट वाढणाऱ्या जंतूंसाठी बेतलेलं असतं. ई-कोलाय अनुकूल परिस्थितीत साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणून एका रात्रीत ताटलीवर त्याचे ठिपके डोळ्यांनी दिसतात. लॅब ती ताटली एक-दोन दिवस ठेवते आणि काही उगवलं नाही तर 'नो ग्रोथ' लिहून टाकून देते. क्षयाच्या जंतूला मात्र एकदा दुप्पट व्हायला पंधरा ते वीस तास लागतात. म्हणजे ज्या दोन दिवसांत ताटली फेकली जाते, त्या दोन दिवसांत एका जंतूचे चार, फार तर आठ होतात. शिवाय त्या ताटलीवरचं खाद्य त्याला चालतच नाही. तुमच्या तिन्ही रिपोर्टमध्ये लॅबचं काही चुकलेलं नाही. जे विचारलं त्याचं उत्तर त्यांनी दिलं. टीबीबद्दल त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

पू असून कल्चर कोरं येण्याची कारणं आणखीही आहेत. अँटिबायोटिक चालू असताना नमुना दिला, किडनीत किंवा नळीत खडा असला, क्लॅमिडियासारखा साध्या कल्चरवर न उगवणारा संसर्ग असला, अंगावरून पांढरं जात असताना नमुन्यात ते मिसळलं, किंवा वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तरी हेच चित्र दिसतं. तुमचे डॉक्टर हेही तपासतील. पण नऊ महिन्यांचा त्रास, घरात टीबीचा इतिहास, एका बाजूच्या किडनीला सूज आणि चार कोर्सनंतरही तसाच राहिलेला पू हे सगळं एकत्र आलं की आपल्या देशात टीबीचं नाव यादीत वर ठेवावं लागतं. एक उलटी गोष्टही लक्षात असू द्या. कल्चरमध्ये ई-कोलाय उगवला म्हणून टीबी नाही असं होत नाही. टीबीने खराब झालेल्या मूत्रमार्गात साधा संसर्गही घर करतो आणि मग सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडेच जातं.

आता पाच सकाळींबद्दल. टीबीचे जंतू लघवीत सतत उतरत नाहीत. किडनीतली एखादी गाठ फुटते, थोडे जंतू लघवीत येतात, मग दोन दिवस काहीच येत नाही. एकाच दिवसाची लघवी दिली आणि तो कोरडा दिवस निघाला, तर रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि आपण निर्धास्त होतो. म्हणून तीन ते पाच सलग दिवस. पहाटेचीच का, तर रात्रभर पाणी पोटात जात नाही, लघवी दाट होते आणि मूत्राशयात साठून राहते, त्यामुळे तेवढ्याच लघवीत जास्त जंतू मिळण्याची शक्यता असते. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमवून देण्यात फायदा नाही. दिवसभरात तिच्यात इतर जंतू वाढतात आणि टीबीचे मोजके जंतू पातळ होऊन जातात.

हे नीट कसं करायचं ते सविस्तर लिहिते, कारण इथली छोटी चूकही महागात पडते. लॅबमधून पाच निर्जंतुक, रुंद तोंडाच्या, आत कुठलंही रसायन नसलेल्या बाटल्या आणा. नेहमीच्या कल्चरची छोटी बाटली पुरत नाही. किमान ४० ते ५० मिली लघवी लागते, कारण लॅब ती यंत्रात फिरवून तळाचा गाळ घेते आणि जंतू त्या गाळात असतात. पाळी चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबा. संध्याकाळनंतर पाणी बेताने प्या, झोपताना तांब्याभर पिऊ नका. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने स्वच्छ धुवा, डेटॉल किंवा कुठलं औषधी द्रावण नको. पहिले थोडे थेंब सोडून द्या आणि बाकी सगळी लघवी बाटलीत घ्या. झाकण घट्ट लावून त्यावर नाव, तारीख आणि वेळ लिहा. शक्यतो त्याच सकाळी लॅबमध्ये पोचवा. सुटी असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. पाचही दिवसांच्या बाटल्या वेगवेगळ्या राहू द्या, एकत्र ओतू नका.

तुमच्या बाबतीत एक अडचण येणार. रात्री पाच-सहा वेळा उठता म्हणजे पहाटे मूत्राशयात फारसं काही उरलेलं नसणार. हरकत नाही. पहाटे तीन-चारला गेलात तर ती लघवी सोडून द्या आणि त्यानंतर जेवढा वेळ सहज थांबता येईल तेवढं थांबून उठल्यावरची लघवी घ्या. तीस मिली आली तर तीस मिली द्या, आणि कमी आहे हे लॅबला सांगा. दोन वेळची मिसळून पन्नास करू नका.

या पाच दिवसांत आणि त्याआधीही अँटिबायोटिक सुरू करू नका, विशेषतः ओफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन किंवा त्या घरातलं दुसरं कुठलं. ही औषधं टीबीच्या जंतूवरही थोडी चालतात. ती टीबी बरा करत नाहीत, पण जंतूंना काही दिवस दाबून ठेवतात. तुम्हाला चार दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच, त्यामागे हेही कारण असू शकतं. मधल्या काळात रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि निदान आणखी काही महिने लांबतं. शेवटचा कोर्स कधी संपला ती तारीख डॉक्टरांना सांगा. याला अपवाद एकच. थंडी वाजून ताप आला, कंबरेच्या एका बाजूला कळ आली, उलट्या झाल्या, तर पाच दिवसांची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात जा. नळी तुंबलेल्या किडनीत संसर्ग झाला तर त्याला उशीर परवडत नाही.

नमुन्याचे रिपोर्ट वेगवेगळ्या वेळी येतील. स्मिअर, म्हणजे रंग देऊन मायक्रोस्कोपखाली पाहणं, त्याच दिवशी होतं, पण लघवीत जंतू इतके कमी असतात की बहुतेक वेळा ते निगेटिव्हच येतं. पॉझिटिव्ह आलं तरी तेवढ्यावर औषध ठरत नाही, कारण बाहेरच्या कातडीवरचे निरुपद्रवी जंतूही तसेच लाल दिसतात. सीबीनॅट किंवा गोव्यात तयार होणारी ट्रूनॅट ही जनुकावरची तपासणी काही तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का, दोन्ही सांगते. कल्चरला द्रव माध्यमात सहा आठवडे, घट्ट माध्यमात आठ आठवडेही लागतात. पण उगवलेल्या जंतूवर बाकीची औषधंही तपासता येतात, म्हणून ते लावायलाच सांगा. आणि सगळंच निगेटिव्ह आलं तरी प्रश्न तिथे मिटत नाही. मग कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन आणि दुर्बिणीतून मूत्राशयाचा तुकडा घेऊन पुढे जावं लागतं.

आता तुमचा खरा प्रश्न. टीबी किडनीत कसा पोचतो?

आई खोकत होती त्या काळात, तुम्ही सहा-सात वर्षांच्या असाल तेव्हा, काही जंतू तुमच्या फुफ्फुसात गेले असतील. तुमच्या शरीराने ते तिथे दाबले आणि तुम्हाला कधी काही झालंच नाही. पण त्या सुरुवातीच्या आठवड्यांत थोडे जंतू रक्तात उतरतात. किडनीला हृदयाकडून येणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा मिळतो आणि तिच्या बाहेरच्या थरात प्राणवायू भरपूर असतो. या जंतूला तेच हवं असतं. तिथे सूक्ष्म गाठी होतात, बहुधा दोन्ही किडन्यांत, आणि त्या भरून येऊन झोपी जातात. दहा, वीस, तीस वर्षं. पुढे एखाद्या बाळंतपणानंतर, मधुमेहात, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी किंवा काहीच कारण सापडत नसताना त्यातली एखादी जागी होते, आणि आजार बहुतेक वेळा एकाच बाजूला दिसतो. म्हणूनच खोकला नसतो, कित्येकदा छातीचा एक्स-रेही स्वच्छ असतो. तरीही तो काढा.

किडनी उभी चिरली तर आत सुळक्यांसारखे भाग दिसतात, आणि प्रत्येक सुळक्याचं टोक एका छोट्या पेल्यात उतरलेलं असतं. लघवी त्या टोकातून पेल्यात ठिबकते, पेल्याच्या अरुंद मानेतून मधल्या पिशवीत येते आणि तिथून युरेटरमध्ये, म्हणजे किडनीच्या नळीत जाते. जागी झालेली गाठ फुटली की जंतू या सुळक्याच्या टोकाशी येऊन अडकतात. टोक कुजतं, त्याचा चक्क्यासारखा पांढरा भुसभुशीत लगदा होतो, तो पेल्यात सांडतो आणि मागे पोकळी राहते. लघवीतल्या पस सेल्स इथून सुरू होतात. या टप्प्यावर सोनोग्राफी पूर्णपणे नॉर्मल असू शकते.

नुकसानीचा मोठा भाग याच्या पुढे होतो, आणि तो जंतू थेट करत नाही. जखम भरताना करते. भाजलेल्या बोटाची कातडी भरून येताना आखडते, तसं या अरुंद जागांमध्ये होतं. पेल्याची मान आखडली तर तो पेला फुगतो. युरेटर साधारण २५ सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. जंतूंनी भरलेली लघवी तिच्यातून रोज खाली जाते, आतल्या अस्तराला व्रण पडतात, ते भरताना नळी जागोजागी आवळली जाते. सगळ्यात जास्त ती आवळते मूत्राशयात शिरते तिथे, शेवटच्या दोन-चार सेंटिमीटरमध्ये. वर किडनी लघवी करतच राहते, तिला वाट मिळत नाही आणि दाबाने किडनीचा गर पातळ होत जातो. कळ येते ती अचानक तुंबल्यावर. हे हळूहळू तुंबणं असल्याने दुखतही नाही. असंच चालू राहिलं तर शेवटी किडनी चुन्याने भरलेली, काम न करणारी पिशवी होते. तुमची 'हलकी सूज' याच वाटेवरचा एक टप्पा असू शकते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष नको.

आणि किडनीचं काम दाखवणारं तुमचं रक्तातलं क्रिएटिनिन ०.८ आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. उजवी किडनी चांगली असेल तर ती एकटीच हा आकडा सांभाळते. डावी पूर्ण बंद पडली तरी रिपोर्ट ०.९ किंवा १ येऊ शकतो. कोणती किडनी किती टक्के काम करते हे डीटीपीएसारख्या रीनल स्कॅनमध्ये कळतं. सूज आहे तर तो स्कॅन करायला सांगा.

एक पेशंट मी विसरू शकत नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलते. साखर कारखान्यात काम करणारे ४४ वर्षांचे गृहस्थ. तुमच्यासारखाच त्रास, तिसऱ्या दिवसाच्या लघवीत सीबीनॅट पॉझिटिव्ह. पहिले दोन्ही नमुने निगेटिव्ह होते. सोनोग्राफीत डाव्या किडनीला हलकी सूज, युरेटरचं खालचं टोक जाड. मी टीबीची औषधं सुरू केली. तीन आठवड्यांत त्यांचं रात्रीचं उठणं आठ वेळांवरून दोनवर आलं. फोनवर आनंदाने सांगत होते. मी चिठ्ठीवर 'दोन महिन्यांनी दाखवा' असं लिहिलं होतं. ऊसतोडीचा हंगाम होता, ते तीन महिन्यांनी आले. जळजळ नाही, वजन वाढलेलं, चेहरा टवटवीत. सोनोग्राफीत डावी किडनी फुग्यासारखी ताणलेली होती. औषधाने जखम झपाट्याने भरली, आणि भरता भरता नळीचं तोंड बंद झालं. स्कॅनमध्ये डाव्या किडनीचं काम ११ टक्के. पाठीतून नळी घालून लघवी बाहेर काढली, सहा आठवडे थांबून पुन्हा पाहिलं, फरक पडला नाही. शेवटी ती किडनी काढावी लागली. औषध बरोबर होतं, त्यांनी एकही गोळी चुकवली नव्हती. चूक माझ्या चिठ्ठीतल्या त्या 'दोन महिन्यांनी' मध्ये होती. त्यानंतर आजतागायत औषध सुरू करतानाच मी तिसऱ्या आठवड्याच्या सोनोग्राफीची तारीख चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिते.

म्हणून तुमच्या बाबतीत निदान पक्कं झालं, तर गोळ्या सुरू होण्याआधी एक सोनोग्राफी, मग तीन ते चार आठवड्यांनी दुसरी, आणि औषध संपेपर्यंत दर महिन्याला एक असं डॉक्टरांकडून ठरवून घ्या. औषध संपल्यावरही वर्षभर अधूनमधून करा, कारण व्रण नंतरही आखडतो. बरं वाटतंय म्हणून यातली एकही चुकवू नका. सूज वाढताना दिसली तर युरेटरमध्ये डीजे स्टेंट नावाची मऊ नळी घालता येते, ती जखम भरेपर्यंत वाट उघडी ठेवते. तुमची सूज आताच थोडी आहे, तेव्हा सुरुवातीलाच स्टेंट घालायचा का, हेही विचारा. स्टेंटने भागलं नाही तर आवळलेला तुकडा वगळून युरेटर मूत्राशयाला नव्याने जोडता येते, आणि ही शस्त्रक्रिया शक्यतो काही आठवडे गोळ्या झाल्यावरच करतात.

औषधांबद्दल थोडक्यात. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, रोज, वजनाप्रमाणे. सरकारी टीबी केंद्रात ही औषधं मोफत मिळतात. रिफाम्पिसिनमुळे लघवी केशरी होते, ते रक्त नव्हे. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर सांगा, कारण रिफाम्पिसिन त्या निकामी करतं. आणि इथॅम्ब्युटॉल किडनीवाटे बाहेर पडतं, किडनी कमजोर असली तर ते अंगात साठून डोळ्यांच्या नसेला त्रास देऊ शकतं, म्हणून नजर अंधुक झाली किंवा लाल-हिरवा रंग ओळखताना गोंधळ वाटला तर त्याच दिवशी कळवा.

एक काम आजपासून करा. स्वयंपाकघरातलं एखादं जुनं मोजमाप घ्या आणि दोन दिवस प्रत्येक वेळची लघवी किती मिली होते ते वेळेसह वहीत लिहा. निरोगी मूत्राशयात सहज तीनशे-चारशे मिली मावतं. टीबीने मूत्राशयाची भिंत आखडली तर शंभरही मावत नाही, आणि मग औषधाने जंतू गेले तरी वारंवार जाणं थांबत नाही. तुमच्या वहीत कधी दोनशे, कधी अडीचशे असे आकडे आले तर मूत्राशय अजून लवचिक आहे आणि हा त्रास औषधाने उतरेल अशी आशा धरता येते. दर वेळी पन्नास-साठच येत असेल तर दुर्बिणीची तपासणी लवकर करून घ्या.

पहिली बाटली द्यायला जाल तेव्हा ही वही, सोनोग्राफीची फिल्म आणि चारही अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या तारखांसकट सोबत न्या. आई अजून असतील तर त्यांना तेव्हा कोणती औषधं किती महिने दिली होती हेही विचारून ठेवा. त्यांचा कोर्स अर्धवट राहिला असेल, तर तुमच्या नमुन्यातल्या जंतूवर औषधांची तपासणी जास्त काळजीने करावी लागेल.